मग देवाला कोणी घडवलं?

बर्ट्रांड रसेल वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत आदिकारणाचा युक्तिवाद मानत होता. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, त्या कारणालाही कारण असतं, असं मागे मागे जात राहिलं की शेवटी एका पहिल्या कारणापाशी थांबावं लागतं आणि तोच देव. मग जॉन स्टुअर्ट मिलचं आत्मचरित्र त्याच्या वाचनात आलं. मिलला वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं की ‘मला कोणी निर्माण केलं?’ याचं उत्तर देता येत नाही, कारण ‘देवाने’ म्हटलं की लगेच ‘मग देवाला कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. रसेलने तो युक्तिवाद सोडून दिला. ६ मार्च १९२७ रोजी लंडनमधल्या बॅटर्सी टाउन हॉलमध्ये ‘मी ख्रिस्ती का नाही’ या विषयावर त्याने व्याख्यान दिलं, त्यात ही हकिगत त्याने स्वतःच सांगितली आहे.

पदवीच्या धर्म-तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासताना हा प्रश्न हटकून भेटतो. विश्वाच्या कारणावरून देवापर्यंत नेणारा विश्वकारण युक्तिवाद चार ओळींत मांडायचा, खाली ‘पण मग देवाला कोणी घडवलं?’ असं लिहायचं आणि विजयी मुद्रेने पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. गंमत अशी की या युक्तिवादाच्या चांगल्या मांडण्यांना हा प्रश्न लागतच नाही. तो खरा लागतो तो दुसऱ्या युक्तिवादाला, म्हणजे जगातली व्यवस्था पाहून तिच्या रचनाकाराचं अनुमान करणाऱ्या प्रयोजनमूलक युक्तिवादाला. असं का होतं, हे समजलं की दोन्ही युक्तिवादांची ठेवण बरीचशी कळते.

‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ हे पहिलं विधान घेतलं तर देवही त्यात आला, हे उघड आहे. पण असं विधान करून देव सिद्ध करू पाहणारा एकही नावाजलेला तत्त्वज्ञ दाखवणं अवघड आहे. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात देवाच्या अस्तित्वाकडे नेणारे पाच मार्ग दिले. त्यातला पहिला मार्ग म्हणतो, जे बदलतं ते दुसऱ्या कशामुळे तरी बदलतं. तिसरा म्हणतो, जे असू शकतं आणि नसूही शकतं, त्याचं असणं दुसऱ्या कशावर तरी टेकलेलं असतं. दोन्हींत कारणाची मागणी एका विशिष्ट प्रकारच्या वस्तूंपुरती आहे. जे त्या प्रकारात मोडत नाही, त्याच्याबद्दल ती मागणी लागू होत नाही.

अक्वायनसच्या बाबतीत आणखी एक गैरसमज पक्का रुजला आहे. त्याचं ‘पहिलं’ कारण काळाच्या ओळीत पहिलं आहे, असं बहुतेकांना वाटतं. पण विश्वाला सुरुवात होती हे निव्वळ बुद्धीने सिद्ध करता येणार नाही, असं त्याचं स्पष्ट मत होतं. सुरुवात तो मानत होता, पण श्रद्धेने. त्याचं उदाहरण हात, काठी आणि दगडाचं आहे. दगड सरकतो कारण काठी त्याला ढकलते, काठी ढकलते कारण हात तिला हलवतो. हे सगळं एकाच क्षणी चाललेलं असतं. हात थांबला की काठी थांबते, कारण काठीजवळ स्वतःची हालचाल नाहीच, ती उसनी आहे. आजोबा, वडील, मुलगा ही साखळी वेगळी. आजोबा गेले तरी वडिलांना मूल होऊ शकतं. अशी साखळी अनंत काळ मागे गेली तरी अक्वायनसची हरकत नव्हती. त्याचा आक्षेप पहिल्या प्रकारच्या साखळीला होता. जिथे प्रत्येक दुव्याची शक्ती उसनी आहे, तिथे दुवे कितीही वाढवले तरी ती शक्ती मुळात कुठून आली, हे कळत नाही.

काळातली सुरुवात हाच ज्याचा आधार आहे, असा युक्तिवाद इस्लामी ‘कलाम’ परंपरेत घडला. इसवी सन १०९५च्या सुमारास अल्-गझालीने तो नेमकेपणाने मांडला. ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं, विश्वाला आरंभ आहे, म्हणून विश्वाला कारण आहे. दुसऱ्या विधानासाठी त्याने आकाशाकडे बोट दाखवलं. सूर्याची फेरी एका वर्षात होते, शनीची तीस वर्षांत. भूतकाळ अनंत असेल तर दोघांच्याही फेऱ्या अनंत झालेल्या असणार. म्हणजे एकाच्या फेऱ्या दुसऱ्याच्या तीसपट असूनही दोन्हींची संख्या सारखीच. हे त्याला असंभव वाटलं. एकोणिसाव्या शतकात कॅन्टरने अनंत संचांचं गणित उभं केल्यावर यातली विसंगती गेली, निदान कागदावरची. अनंताच्या राज्यात भाग आणि पूर्ण यांची संख्या सारखी असू शकते. प्रत्यक्ष जगात असा अनंत असू शकतो का, हा प्रश्न मात्र उरतो, आणि विल्यम लेन क्रेगने १९७९मध्ये कलाम युक्तिवाद पुन्हा वर काढला तो त्याच्यावरच भर देऊन. इथेही ‘देवाला कोणी?’ हा प्रश्न निसटतो, कारण देवाला आरंभ आहे असं या मंडळींनी म्हटलेलंच नाही.

मला स्वतःला सर्वांत भारी वाटते ती लायबनिट्झची मांडणी. १६९७ सालच्या एका छोट्या लेखात तो कल्पना करायला सांगतो की भूमितीचं एक पुस्तक अनादी काळापासून अस्तित्वात आहे. आताची प्रत आधीच्या प्रतीवरून उतरवली, ती तिच्या आधीच्या प्रतीवरून, आणि असं मागे कुठेही न थांबता. प्रत्येक प्रत अशी का, याचं उत्तर आपल्याजवळ आहे: आधीची प्रत तशी होती म्हणून. पण भूमितीचं पुस्तक मुळात आहेच का, आणि भूमितीचंच का, खगोलाचं का नाही, याचं उत्तर या अनंत प्रतींत कुठेही सापडत नाही. विश्वाची अवस्था कालच्या अवस्थेवरून उतरवलेली प्रत आहे, असं समजा. विश्व अनादी असलं तरी प्रश्न तसाच राहतो. लायबनिट्झच्या मते हे उत्तर परावलंबी वस्तूंच्या बाहेर, जिचं असणं अनिवार्य आहे अशा सत्तेत शोधावं लागतं. या सगळ्यामागे जे तत्त्व आहे त्याला पर्याप्त कारणाचं तत्त्व म्हणतात: कोणतीही गोष्ट तशी का आहे आणि वेगळी का नाही, याला पुरेसं कारण असतंच. अनिवार्य सत्तेलाही ते लागू आहे, फक्त तिचं कारण तिच्या स्वरूपातच असतं.

आता खरे आक्षेप. पहिला ह्यूमचा. त्याचे ‘नैसर्गिक धर्माविषयीचे संवाद’ त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७७९मध्ये छापले गेले. त्यातलं एक पात्र विचारतं, वीस कणांचा ढीग आहे आणि प्रत्येक कण तिथे का आहे हे मी वेगवेगळं सांगितलं, तर मग पुन्हा ‘हे वीस कण तिथे का?’ असं विचारणं फजूल नाही का? साखळीचा प्रत्येक दुवा समजला म्हणजे साखळी समजली. विसाव्या शतकात पॉल एडवर्ड्सने न्यूयॉर्कच्या चौकात भेटलेल्या पाच एस्किमोंचं उदाहरण देऊन हाच मुद्दा रंगवला. पाचही जण तिथे का आले, हे एकेकाबद्दल कळलं की ‘हा घोळका इथे का?’ असा वेगळा प्रश्न राहत नाही.

हे एस्किमो पटकन पटतात, पण का पटतात ते पाहण्यासारखं आहे. तिथे प्रत्येकाचं कारण घोळक्याच्या बाहेर आहे: एकाला थंडीचा कंटाळा आला, दुसरा बायकोच्या मागे आला. समजा पहिला आला कारण दुसऱ्याने बोलावलं, दुसरा आला कारण तिसऱ्याने बोलावलं, आणि ही बोलावणी अनंत एस्किमोंतून मागे जात राहिली. आता प्रत्येकाचं येणं समजलं, तरी कोणीही मुळात का आलं हे अंधारातच आहे. ह्यूमचा आक्षेप लायबनिट्झच्या पुस्तकावर चालवून पाहिला की तो अपुरा पडतो, तो इथे. विल्यम रो या अमेरिकी तत्त्वज्ञाने नेमकी हीच त्रुटी दाखवली. तो स्वतः निरीश्वरवादी होता, हे मुद्दाम सांगायला हवं.

दुसरा आक्षेप रसेलचा, आणि या वेळी तो मिलकडून उसना घेतलेला नव्हता. जानेवारी १९४८मध्ये बीबीसीवर त्याचा जेझुइट पाद्री फ्रेडरिक कोपल्स्टन यांच्याशी वाद झाला. कोपल्स्टन लायबनिट्झच्याच वाटेने चालले होते. रसेलने म्हटलं, प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला एक आई असली पाहिजे असं होत नाही. जगातल्या वस्तूंना कारणं असतात, म्हणून जगालाही कारण हवं, हा त्याच जातीचा तर्कदोष आहे. कोपल्स्टननी हा दोष आपल्याला लावून घेतला नाही. भागांचा गुण समष्टीला कधी लागतो, कधी लागत नाही. भिंतीची प्रत्येक वीट छोटी म्हणून भिंत छोटी ठरत नाही, पण प्रत्येक वीट लाल असेल तर भिंत लाल असते. परावलंबीपणा यातल्या कोणत्या जातीचा, हे ठरवल्याशिवाय रसेलचा टोला पुरा होत नाही. पण त्याच वादात रसेल आणखी एक गोष्ट म्हणाला, आणि ती जास्त अवघड जागी लागते. विश्व आहे, बस्स, याहून अधिक काही सांगता येत नाही. इथे त्याने पर्याप्त कारणाचं तत्त्वच नाकारलं. कोपल्स्टनना तो बुद्धिबळाच्या पटावर बसायलाच नकार देणारा वाटला.

हा नकार निव्वळ हट्ट होता का? नव्हता, आणि याचं चांगलं कारण पुढे पीटर व्हॅन इनवॅगनने दाखवून दिलं. जगात जी जी गोष्ट ‘अशी आहे पण वेगळीही असती’ अशी आहे, त्या सगळ्यांची एक मोठी मोळी बांधा. पर्याप्त कारणाचं तत्त्व म्हणतं की या मोळीलाही कारण हवं. ते कारण स्वतः वेगळं असू शकणारं असेल तर ते मोळीतच आलं, आणि मग ते स्वतःचंच कारण ठरेल. ते अनिवार्य असेल, आणि त्याच्यातून मोळी ठामपणे निघत असेल, तर मोळीही अनिवार्य झाली. म्हणजे आज पाऊस पडला तो पडलाच पाहिजे होता, तुम्ही हा लेख उघडला तो उघडणं भागच होतं, आणि देवाने जग निर्माण केलं ते त्याच्या इच्छेने नव्हे, दुसरा पर्यायच नव्हता म्हणून. आस्तिकालाही हे नको असतं. तत्त्व जपायचं तर सगळंच अटळ होतं, तत्त्व सैल करायचं तर विश्वाच्या बाबतीतच ते का सैल करू नये, हा रसेलचा प्रश्न जिवंत होतो. आस्तिक बाजूने यावर उपाय सुचवले गेले आहेत, बहुतेक तत्त्वाला थोडं मवाळ करणारे. मला त्यातला एकही निर्विवाद वाटत नाही.

आणि हे सगळं पार पडलं तरी हाती येते ती एक अनिवार्य सत्ता. ती एकच आहे, ज्ञानी आहे, दयाळू आहे, प्रार्थना ऐकते, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. अक्वायनसला याची पूर्ण जाणीव होती. पाच मार्ग संपल्यावर त्याने पानंच्या पानं त्यासाठी खर्च केली आहेत. परीक्षेच्या पुस्तकांत ती सहसा येत नाहीत.

आता दुसरा युक्तिवाद. तो इंग्लंडातल्या विल्यम पेलीच्या घड्याळाने सुरू होतो असं आपण शिकतो, पण त्याच्या कितीतरी आधी न्यायदर्शनात त्यावर शतकानुशतकं खडाजंगी झाली होती. नैयायिकांचं अनुमान असं: पृथ्वी, पर्वत, अंकुर यांना कर्ता आहे, कारण ती कार्यं आहेत, घटाप्रमाणे. जे जे कार्य असतं, अवयव जुळवून झालेलं असतं, त्याच्या मागे सामग्रीचं ज्ञान असलेला कोणी कर्ता असतो. पर्वताचा कर्ता माणूस असू शकत नाही, म्हणून ईश्वर. उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त हे अनुमान आणि त्याच्या जोडीला आणखी काही प्रमाणं येतात. हा ईश्वर शून्यातून काही निर्माण करत नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. परमाणू नित्य आहेत, तो ते जुळवतो. तो कुंभार आहे, मातीचा निर्माता नाही. पुढे १७८१मध्ये कान्टने पाश्चात्त्य युक्तिवादाबद्दल हीच मर्यादा सांगितली: रचनेवरून फार तर जगाचा वास्तुकार सिद्ध होईल, निर्माता नाही.

या अनुमानावरचा सर्वांत धारदार आक्षेप सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांचा आहे. ते म्हणतात, देऊळ पाहून कर्त्याचं अनुमान होतं ते बरोबर आहे, कारण त्या जातीची रचना कर्ता असताना होते आणि नसताना होत नाही, हे आपण पाहिलेलं असतं. पर्वतालाही ‘रचना’ म्हटलं म्हणून तोच नियम त्याला लागत नाही. शब्द एक झाला, वस्तूची जात एक झाली नाही. धूर पाहून अग्नीचं अनुमान करता येतं, पण धुरासारखं पांढुरकं काहीही दिसलं की आग लागली म्हणायचं का? तसं असेल तर वारूळही कुंभाराने केलं म्हणावं लागेल, कारण तेही मातीचंच आहे.

वारूळ निवडण्यातली हुशारी पाहा. ते मातीचं आहे, त्यात कप्पे आहेत, वाटा आहेत, आत राहणाऱ्यांच्या ते उपयोगी आहे, आणि तरीही त्याच्या मागे घटाच्या मागे असतो तसा कर्ता नाही. नैयायिकांनी याला तोडीस तोड उत्तर दिलं. ज्या वस्तूंबद्दल वाद चालला आहे, त्यांनाच विरुद्ध उदाहरण म्हणून पुढे करता येत नाही. अंकुराचा कर्ता दिसत नाही म्हणून नियम मोडला म्हणाल, तर डोंगरावरचा अग्नीही दिसत नाही, मग धुरावरून अनुमानच बंद. तार्किकदृष्ट्या हे बिनतोड आहे. पण धर्मकीर्तींचा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे: नियम इतका रुंद घ्यायला आधार काय? आणि घटाचा दाखला द्यायचाच तर पुरता द्या. आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता देहधारी असतो, त्याला हात असतात. तो भाग सोडून फक्त ‘ज्ञानवान’ एवढाच गुण ईश्वरापर्यंत का नेला, असंही या आक्षेपकांनी विचारलं.

हजार वर्षांनी ह्यूमच्या संवादांत फिलो हे पात्र जवळजवळ हेच बोलतं. घर पाहून आपण गवंड्याचं अनुमान करतो, कारण घरं बांधली जाताना आपण पाहिलेली आहेत. विश्वं बांधली जाताना कोणी पाहिली? आपल्या अनुभवात विश्व एकच आहे. आणि साम्यच धरायचं तर विश्व यंत्रापेक्षा झाडासारखं किंवा प्राण्यासारखं का नाही? जहाज अनेक सुतार मिळून बांधतात, मग देव अनेक का नाहीत? कदाचित हे विश्व कोण्या नवशिक्या देवाचा फसलेला प्रयत्न असेल. ह्यूम इथे खट्याळपणाने मौज करत जातो, पण मौजेखाली नियम कडक आहे: कार्यात जेवढं दिसतं तेवढंच कारणात धरायचं.

आणि इथेच रसेलच्या तरुणपणीचा तो प्रश्न खरा चावतो. विश्वकारण युक्तिवादाचा आधार परावलंबीपणा होता, आणि देव परावलंबी नाही असं म्हणून सुटका होत होती. रचनेच्या युक्तिवादाचा आधार व्यवस्था आहे. व्यवस्थेला रचनाकार हवा असेल, तर ज्या मनाने ही सगळी योजना आखली त्या मनातल्या कल्पनांनाही काही व्यवस्था असणारच. तिचा रचनाकार कोण? ते मन आपोआप व्यवस्थित असू शकतं असं म्हणाल, तर जडवस्तूच आपोआप व्यवस्थित असू शकते असं का म्हणू नये? यावर नेहमीचं उत्तर असं दिलं जातं की, उत्खननात बाणांची टोकं सापडली तर ती माणसांनी घडवली असं आपण म्हणतो, ती माणसं कुठून आली हे सांगता आलं नाही तरी. हे खरं आहे, पण पुरातत्त्वज्ञ व्यवस्था मात्रेचा उगम सांगायला निघालेला नसतो, फक्त त्या टोकांचा. ज्याला व्यवस्थेचाच उगम सांगायचा आहे, त्याने ती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवली तर काम झालं म्हणता येत नाही. देव अत्यंत साधा, अवयवरहित आहे, हे अक्वायनसचं मत इथे उपयोगी पडतं, पण मग असा साधा देव योजना कशी आखतो, हे त्याच्या अनुयायांना सांगावं लागतं.

पेलीचं ‘नॅचरल थिऑलॉजी’ १८०२मध्ये आलं, म्हणजे ह्यूमच्या संवादांनंतर तेवीस वर्षांनी. पेली ह्यूमपुढे टिकत नाही असं सरसकट लिहिलं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. माळावर पडलेलं घड्याळ पाहून तो ‘हे मी पाहिलेल्या घड्याळांसारखं आहे’ असं म्हणत नाही. घड्याळ बनताना कधीच पाहिलं नसलं तरी अनुमान टिकतं, असं तो स्पष्ट लिहितो. त्याचा भर भागांच्या नेमक्या मापावर आहे. चाक जरा लहान, दाते जरा वेगळे, आणि वेळ दाखवण्याचं काम बंद. डोळ्यातही तसंच. याला सादृश्याचा आक्षेप पुरा पडत नाही, याहून चांगला खुलासा लागतो. पेलीने तर आणखी एक कल्पना केली: समजा हे घड्याळ आपल्यासारखीच दुसरी घड्याळं जन्माला घालतं. मग रचनाकाराची गरज संपेल का? उलट वाढेल, असं त्याने ठरवलं, कारण आता कारागिरी अधिकच थोर ठरली.

नेमक्या याच जागी १८५९मध्ये डार्विन शिरला. त्याने केंब्रिजमध्ये पेली आवडीने वाचला होता. पिल्लं घालणारी घड्याळं हुबेहूब प्रती काढत नसतील, प्रत्येक पिल्लात थोडा फरक पडत असेल, तो फरक पुढच्या पिढीत उतरत असेल, आणि जगतील त्याहून जास्त पिल्लं जन्मत असतील, तर चांगली चालणारी घड्याळं मागे राहतात. एवढ्यावर योजनेवाचून योजनेसारखं दिसणारं काहीतरी तयार होतं. डोळ्याबाबत नुसती शक्यता सांगून भागत नव्हतं, म्हणून १९९४मध्ये निल्सन आणि पेल्गर या दोघांनी एक गणिती नमुना मांडला. प्रकाश जाणवणाऱ्या पेशींच्या सपाट चकतीपासून सुरुवात, प्रत्येक पायरीला फक्त एक टक्का बदल, आणि निवडीचा वेग मुद्दाम मंद धरलेला. तरी भिंगाच्या डोळ्यापर्यंत पोचायला चार लाखांहून कमी पिढ्या लागतात असं उत्तर आलं. शिवाय उत्क्रांतीतून आलेल्या वस्तूला तिच्या इतिहासाचे वण असतात. माणसाच्या डोळ्यात मज्जातंतू पडद्याच्या पुढून जातात आणि बाहेर पडण्यासाठी पडद्याला भोक पाडतात, म्हणून आपल्याला अंधबिंदू आहे. ऑक्टोपसचा डोळा वेगळ्या वाटेने घडला. त्यात तंतू मागून जातात आणि अंधबिंदू नाही.

यानंतर रचनेचा युक्तिवाद जीवसृष्टीतून उठून भौतिकीत गेला. कारण निवड चालायला आधी पुनरुत्पादन हवं, त्याला रसायन हवं, आणि रसायनाला योग्य नियम हवेत. १९५३मध्ये फ्रेड हॉइलने ताऱ्यांत कार्बन कसा तयार होतो यावर विचार करताना असं भाकीत केलं की कार्बनच्या अणुकेंद्राला एका विशिष्ट ऊर्जेची पातळी असली पाहिजे, नाहीतर विश्वात कार्बन नगण्यच राहील. प्रयोगशाळेत ती पातळी सापडली. पुढच्या गणितांत असं दिसलं की अणुकेंद्र बांधून ठेवणारं बल अर्ध्या टक्क्याने जरी बदललं असतं, तरी ताऱ्यांत कार्बन किंवा ऑक्सिजन यांपैकी एकाचं उत्पादन फार घटलं असतं. अशी उदाहरणं आणखी आहेत. रिचर्ड स्विनबर्नसारखे आस्तिक यावरून सिद्धतेचा नाही तर संभाव्यतेचा दावा करतात: देव असेल तर असे नियम अपेक्षित आहेत, नसेल तर ते फार आश्चर्याचे आहेत.

‘नियम वेगळे असते तर विचारायला आपणच नसतो, मग आश्चर्य कसलं?’ हे उत्तर बऱ्याच जणांना पुरेसं वाटतं. जॉन लेस्लीने त्याला गोळीबार पथकाचं उदाहरण दिलं. पन्नास नेमबाजांनी तुमच्यावर गोळ्या झाडल्या आणि सगळ्यांचाच नेम चुकला, तर ‘नेम चुकला नसता तर मी विचारायला नसतो’ हे खरं आहे, पण नेम का चुकला हे त्याने कळत नाही. अनेक विश्वं मानली तर मात्र खुलासा होतो, मग तशी विश्वं आहेत का याचा वेगळा पुरावा मागावा लागतो. याहून खोल अडचण गणिताची आहे. बलाचं मूल्य शून्यापासून अनंतापर्यंत काहीही असू शकलं असतं असं धरलं, तर कोणताही मर्यादित पट्टा, अगदी कोट्यवधी एककांचा रुंद पट्टाही, त्या अनंतापुढे शून्य संभाव्यतेचा ठरतो. मग जीवनाला पोषक पट्टा अरुंद आहे, या शोधाला काही अर्थच उरत नाही. आणि वरची मर्यादा घालायची तर ती कुठे घालायची, हे सांगायला आपल्याजवळ दुसरं विश्व नाही. फिलोचा जुना मुद्दाच संख्यांच्या वेषात परत आला आहे.

दुसऱ्या बाजूलाही एक संख्या लागते: देव असेल तर जीवन असण्याची संभाव्यता किती. तिच्यासाठी देवाला काय हवं असेल, हे आपल्याला थोडं तरी ठाऊक असलं पाहिजे. पदवीच्या अभ्यासक्रमात या प्रकरणाला लागूनच दुःखाची समस्या येते, आणि तिथे लहान मुलांच्या यातनांचा खुलासा करताना आस्तिकाचं एक प्रचलित उत्तर असं असतं की देवाचे हेतू माणसाच्या बुद्धीपलीकडचे आहेत. ते उत्तर वापरणाऱ्याने आधीच्या प्रकरणात ‘देव असेल तर त्याला कार्बन आणि त्यातून उद्भवणारे जीव हवेच असणार’ असं इतक्या खात्रीने लिहिलं असेल, तर त्या दोन उत्तरांतलं एक त्याला खोडावं लागेल.